"रास्पबेरी पाय ५" म्हणून ११,८०० रुपयांना गळ्यात मारलेला जुना पाय ३: लातूर-नांदेडकडच्यांनी घेण्याआधी वाचा

जाहिरात टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याची होती: आत रास्पबेरी पाय ५ नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, ८ जीबी रॅम, १२८ जीबी कार्ड, दहा हजार जुने गेम, "शिवाय पीसीवरचे नवे गेमही चालतात." भाव ११,८०० रुपये. २,००० आगाऊ, आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती व्हॉट्सॲपवर आली की उरलेले ९,८०० यूपीआयने. डबा संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने लातूरला आला. आत निघाला पाय ३ बी, १ जीबी रॅमचा, २०१६ सालचा बोर्ड.

विकणाऱ्याने आधी व्हिडिओ पाठवला होता. त्यात नवा कार रेसिंगचा गेम टीव्हीवर लोण्यासारखा चालत होता. डब्याच्या मागून एक निळी लॅनची वायर टेबलाखाली जात होती. ती वायर मला दिसली होती, आणि मी विचारलं नाही. जो डबा गेम स्वतः चालवतो त्याला खेळताना लॅन लागत नाही. टेबलाखाली ग्राफिक्स कार्डवाला पीसी होता. गेम त्यावर चालत होता, त्यावरचं सनशाइन नावाचं सॉफ्टवेअर चित्राचा व्हिडिओ बनवून पाठवत होतं, आणि डब्यातलं मूनलाइट नावाचं सॉफ्टवेअर तो व्हिडिओ फक्त उघडून दाखवत होतं. याला स्ट्रीमिंग म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या घरी तसा पीसी नाही त्याला "नवे गेम चालतात" म्हणून डबा विकणं ही सरळ लबाडी आहे. हे सगळं मला माहीत होतं. त्या वायरीची चीड अजून जात नाही.

डबा हातात आल्यावर मागे एकच मोठा एचडीएमआय होता. पाय ४ आणि पाय ५ वर दोन छोटे मायक्रो एचडीएमआय असतात. पण आतून जोडणी करून मोठा एचडीएमआय बाहेर काढणाऱ्या पेट्या बाजारात मिळतात, म्हणून तेवढ्यावरून कुणालाही चोर म्हणता येत नाही, आणि मीही म्हटलं नाही. चार्जर मात्र मायक्रो यूएसबीचा होता. पाय ५ ला टाइप-सी लागतो, तोही ५ व्होल्ट ५ अँपिअरचा. यूएसबीची चारही तोंडं आतून काळी होती. पाय ४ आणि ५ वर त्यातली दोन निळी असतात. सुरू करताना पडद्यावर "Raspberry Pi 5 8GB" असं झळकत होतं, पण ते नुसतं चित्र आहे. कुणीही बदलू शकतो.

खरं काय ते बोर्डालाच विचारायचं. यूएसबी कीबोर्ड लावा, जुने गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर असेल तर F4 दाबून मेन्यूबाहेर या आणि टाका:

```
cat /proc/device-tree/model
free -h
vcgencmd get_throttled
```

पहिल्या ओळीचं उत्तर आलं `Raspberry Pi 3 Model B Rev 1.2`. दुसरीने १ जीबीहून कमी रॅम दाखवली. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर या तीन ओळी समोर टाकून घ्या. नाही म्हणाला तर फोन ठेवा.

तिसऱ्या ओळीचं उत्तर होतं `throttled=0x50005`. म्हणजे बोर्डाला व्होल्टेज कमी पडतंय आणि म्हणून त्याने स्वतःचा वेग खाली आणलाय. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं ते याचंच. गेम अडकतात अशी तक्रार केली तर विकणारा म्हणाला, "साहेब, तुमच्या मराठवाड्यात लाइट कमी येते." संताप याचा येतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, घरात लाइट थोडी कमी आली तरी तो ५ व्होल्टच देतो. इथे चार्जरच मोबाइलचा होता आणि वायर बारीक होती. ५.१ व्होल्ट अडीच अँपिअरचा नीट अडॅप्टर लावल्यावर उत्तर `0x0` आलं.

आता कार्ड. यादीत हजारो नावं, पण बरेच गेम उघडताच काळा पडदा. कार्ड नकली होतं, वर १२८ लिहिलेलं आणि आत खरी जागा ३२ जीबीच्या आसपास. फाइलींच्या नावांची नोंद खऱ्या जागेत बसलेली असते, म्हणून नावं सगळी दिसतात. खऱ्या जागेपलीकडे लिहिलेला मजकूर मात्र कुठेच साठत नाही. कार्ड रिकामं करून लिनक्सवर f3 नावाच्या प्रोग्रामने तपासा (तुमच्याकडे दिसेल तो पत्ता घाला):

```
f3write /media/card
f3read /media/card
```

`f3read` च्या शेवटी "Data LOST" पुढे मोठा आकडा आला की कार्ड खोटं. आणि रेट्रोपाय फुकट मिळतं, ते भरून विकायला त्यातल्या काही भागांच्या परवान्यांत मनाई आहे.

बोर्डाचा दोष नाही, हेही सांगायला हवं. पाय ३ वर सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह आणि पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चांगले चालतात. निन्टेन्डो ६४ अडखळतो, पीएसपीचे जड गेम खेळवत नाहीत. पाय ४ वर पीएसपी आणि ड्रीमकास्ट बऱ्यापैकी निभतात. प्लेस्टेशन २ च्या भरवशावर पाय ५ सुद्धा घेऊ नका.

स्ट्रीमिंगसाठी एका मित्राचा पीसी जोडून पाहिलं. विकणाऱ्याने मूनलाइट १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेमवर लावून दिलं होतं आणि चित्र सारखं अडकत होतं. पाय ३ च्या चिपला एच.२६५ प्रकारचा व्हिडिओ उघडता येत नाही, आणि एच.२६४ ची तिची हमी १०८०पी ३० फ्रेमपर्यंतच आहे. शिवाय ३ बी चं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, शेजारच्या चार राउटरांच्या गर्दीत अडकणारं. लॅन लावली आणि असं चालवलं:

```
moonlight stream -720 -fps 60 -codec h264 -bitrate 10000 -app Desktop 192.168.1.20
```

शेवटी पीसीचा पत्ता. ७२०पी आणि १० एमबीपीएसवर रेसिंगसुद्धा खेळण्याजोगं झालं. पाय ४ किंवा ५ असता तर एच.२६५ ने १०८०पी ६०, २० एमबीपीएसवर निवांत मिळालं असतं. पैसे त्याचेच दिले होते.

मग तक्रार. ठाण्यात म्हणाले, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. ठाण्यात दुसऱ्या साहेबांनी मॉडेलची ओळ दाखवल्यावर विचारलं, "पण डबा चालू आहे ना?" पाय ५ च्या पैशात पाय ३ देणं म्हणजे नव्या ट्रॅक्टरच्या पैशात जुना ट्रॅक्टर देणं, हे तीनदा सांगितलं. चॅटच्या प्रिंटा तीन वेळा मागितल्या, तिन्ही वेळा ठेवून घेतल्या, पोच एकदाही दिली नाही. शेवटी मलाच सुनावलं की गेम चोरीचे आहेत, तुम्हीच अडकाल. कॉपीराइटचं त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून भरलेल्या गेमसकट डबा घेऊच नका. पण दहा हजार चोरीचे गेम भरून विकणाऱ्याला एक फोनसुद्धा कुणी केला नाही. चकरा आणि झेरॉक्समध्ये आणखी ६४० रुपये गेले.

ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, विकणारा कुठलाही असो, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून क्रमांक लिहून ठेवा. बिल मागा, माझ्याकडे फक्त यूपीआयची नोंद आहे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पोर्ट आणि चार्जरसकट. कार्ड तपासण्याआधी त्याची पूर्ण नक्कल ठेवा, तो पुरावा आहे.

जाहिरात अजून चालू आहे, दुसऱ्या नावाने. भाव आता १२,५००. फोटो तोच, आणि डब्याच्या मागून तीच निळी वायर टेबलाखाली गेलेली आहे.