एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची पट्टी: व्हॉट्सॲप, टेलिग्राम की सिग्नल?

व्हॉट्सॲपवर नवीन चॅट उघडलं की वरती एक छोटी पट्टी दिसते. मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, या चॅटमधल्या माणसांखेरीज ते कुणालाही वाचता-ऐकता येत नाहीत, असं ती सांगते. हे खरं आहे. 2016 पासून व्हॉट्सॲपवरच्या सगळ्या वैयक्तिक चॅटना हे संरक्षण आहे, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नलचीच आहे. मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो, किल्ली समोरच्याच्या फोनवर असते आणि मधला सर्व्हर बंद पाकीट नुसतं पोचवतो.

मात्र हे आश्वासन प्रवासापुरतं आहे. मेसेज पोचल्यावर त्याच्या प्रती कुठे कुठे जातात, याबद्दल पट्टी गप्प आहे. ॲप निवडताना मला तरी तीच बाजू महत्त्वाची वाटते.

टेलिग्रामचा निकाल लवकर लागतो. तिथलं नेहमीचं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं, ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतं आणि त्याच्या किल्ल्याही कंपनीकडेच असतात. खरं एन्क्रिप्शन हवं तर त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन तीन टिंबांखालून Start Secret Chat निवडावं लागतं. ते चॅट त्या दोन फोनांपुरतंच राहतं आणि ग्रुपसाठी ही सोयच नाही. मोठे चॅनल वाचायला टेलिग्राम छान आहे, पण खासगी कागदपत्रांसाठी मी ते सुचवणार नाही.

खरी तुलना व्हॉट्सॲप आणि सिग्नलची. समजा, तुम्ही भावाला पॅनकार्डाचा फोटो आणि आईचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलात. वाटेत ते कुणी पाहिलं नाही. पण त्याच्या फोनवर रोज रात्री गूगल ड्राइव्हवर बॅकअप होत असेल, तर दोन्ही गोष्टी तिथे जातात, आणि त्या बॅकअपला एंड-टू-एंड संरक्षण आपोआप मिळत नाही. त्याचं गूगल खातं कुणाच्या हाती लागलं, तर पट्टीवरच्या आश्वासनाचा काही उपयोग नाही.

उपाय आहे. 2021 पासून Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup इथे जाऊन बॅकअपलाही कुलूप लावता येतं. त्यासाठी पासवर्ड ठेवा किंवा ॲप देईल ती 64 आकडी-अक्षरी किल्ली कागदावर उतरवून घ्या. किल्ली हरवली आणि फोनही गेला, तर तो बॅकअप कंपनीलाही उघडून देता येत नाही.

माझं मत ज्या एका गोष्टीनं ठरलं, ती इथेच आहे. तुम्ही तुमच्या बॅकअपला कुलूप लावलंत, तरी भावाचा बॅकअप उघडा आहे की नाही हे तुमच्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकाचाही बॅकअप उघडा असला, तरी सगळ्यांचं बोलणं तिथे पडून राहतं. प्रत्येकाला फोन करून सेटिंग बदलायला लावणं घरातही जमत नाही, मग हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपची गोष्टच सोडा.

सिग्नलमध्ये हा प्रश्न बराच सुटतो. तिथे बॅकअप मुळात बंद असतो आणि चालू केला तरी किल्लीशिवाय उघडत नाही, तुमचाही आणि समोरच्याचाही. आलेले फोटोही आपणहून गॅलरीत उतरत नाहीत, त्यामुळे गूगल फोटोजमध्ये नकळत आणखी एक प्रत तयार होत नाही. समोरच्यानं मुद्दाम दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढला, तर मात्र कुठलंच ॲप काही करू शकत नाही.

आणखी एक फरक. समोरच्यानं फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं, की तुमच्या दोघांच्या किल्ल्यांवरून बनलेला 60 आकडी सुरक्षा-क्रमांक बदलतो. सिग्नल ते चॅटमध्ये आपणहून सांगतं. व्हॉट्सॲपवर ती सूचना Settings > Account > Security notifications मध्ये स्वतः चालू करावी लागते. बहुतेक वेळा कारण साधंच असतं, नवा हँडसेट. पण क्रमांक बदलल्यावर लगेच कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर आधी साधा फोन लावून आवाज ऐका.

सिग्नलची अडचणही लहान नाही: आपली माणसं तिथे नसतात. शिवाय बॅकअप चालू न करता फोन हरवला, तर जुनं बोलणं गेलंच. लग्नाचे फोटो आणि आजोबांचे व्हॉइस मेसेज जपायचे असतील, तर कुलूप लावलेल्या बॅकअपसह व्हॉट्सॲप सोयीचं पडेल, हे मान्य करायला हवं. पण ओळखपत्रं, रिपोर्ट, बँकेचे कागद ज्या दोन-चार जणांना पाठवावे लागतात, त्यांच्याकडे सिग्नल टाकून घ्या आणि त्या चॅटच्या सेटिंगमध्ये Disappearing messages एका आठवड्यावर ठेवा. ही मुदत दोन्ही फोनांना लागू होते.