लोगोचं काम: तासावर की ठोक?

समजा, लोगोला २० तास लागतील असं धरून तुम्ही तेवढ्याचीच ठोक रक्कम सांगितली. मग ६ तास फोन-मेलमध्ये गेले आणि ९ तास 'जरा रंग बदलून बघू'मध्ये. ३५ तास झाले, म्हणजे तुमचा ताशी दर साधारण ५७ टक्क्यांवर आला. दोष ठोक पद्धतीचा नाही, न मोजलेल्या तासांचा आहे.

तासावर घेतलं असतं तर ते १५ तास वसूल झाले असते. पण हात बसला की तेच काम १२ तासांत होतं आणि पैसे कमी मिळतात; ही शिक्षा मला कधीच पटली नाही. शिवाय ग्राहकाला शेवटचा आकडा आधी कळत नाही. काय हवंय हेच ठरलेलं नसेल, तेव्हा मात्र तासच बरे.

एरवी मी तास मोजते, पण सांगते ठोक रक्कम. त्यात बैठका आणि दुरुस्तीच्या २ फेऱ्या धरलेल्या असतात. तिसऱ्या फेरीपासून ताशी दर, हे कोटेशनमध्येच लिहिते. 'जास्त होतंय' म्हणाले, तर एक पर्याय किंवा एक फेरी कमी करते, दर तोच.