महिन्याच्या पोस्ट: एका बैठकीत की दर आठवड्याला?

उकडीचे मोदक घरून विकणाऱ्या दोघी, फेसबुक-इन्स्टाग्रामवर आठवड्याला तीन पोस्ट, म्हणजे महिन्याला बारा. हे काम दोन प्रकारे बसवता येतं.

पहिला प्रकार: महिनाअखेरीस एका दुपारी सगळं उरकायचं. मोदक वळताना एकदाच, खिडकीच्या उजेडात, तीस-चाळीस फोटो काढायचे, मजकूर लिहायचा आणि मेटा बिझनेस सूट या अ‍ॅपमध्ये तारखा लावून टाकायच्या. ते फुकट आहे आणि फेसबुक-इन्स्टाग्राम दोन्हीकडे एकदम पोस्ट जाते. चतुर्थीच्या आठवड्यात पहाटेपासून उकड काढताना फोन हातात घ्यायला कुणाला वेळ असतो? तेव्हा ही तयारी खरी उपयोगी पडते. पण ऑर्डर बुधवारीच भरल्या आणि शुक्रवारी ‘ऑर्डर सुरू आहेत’ अशी आधी लावलेली पोस्ट गेली, तर दिवसभर लोकांना नकार कळवत बसावं लागतं.

दुसरा प्रकार: दर सोमवारी एक तास. भाव, अजून किती ऑर्डर घेता येतील, ग्राहकाने पाठवलेला नैवेद्याच्या ताटाचा फोटो, सगळं ताजं राहतं. मात्र गर्दीच्या आठवड्यात सोमवारचा तासच आधी बुडतो.

मी बारापैकी आठ पोस्ट पहिल्या पद्धतीने करीन: मोदक गरम कसे करावेत, किती वेळ टिकतात, तांदळाची पिठी कोणती, असे न बदलणारे विषय. भाव आणि ऑर्डरच्या चार जागा कॅलेंडरवर रिकाम्या ठेवीन. त्या सोमवारी भरायच्या.