केसांचा रंग परदेशात: इथून न्यायचा, तिथला डबा घ्यायचा की ट्यूब?

कॉलेज रोडवरच्या आमच्या पार्लरमध्ये सुट्ट्या जवळ आल्या की हमखास हा विषय निघतो. मुलाकडे जर्मनीला चाललेय, आपला रंग तिथे मिळत नाही, मग करायचं काय? मार्ग तीन आहेत: पाकिटं इथूनच न्यायची, तिथल्या दुकानातला तयार डबा घ्यायचा, किंवा सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानातून ट्यूब आणि डेव्हलपर वेगवेगळे आणायचे. यातला कुठला घ्यायचा, हे तुमची छटा कोणती यावर ठरतं.

छटा काळी किंवा साधी तपकिरी असेल, तर बॅगेत पाकिटं कोंबू नका. तिथला डबा पुरतो. डब्यावरच्या नंबरात टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणा सांगतो: 1 म्हणजे काळा, 3 गडद तपकिरी, 4 तपकिरी आणि असं करत 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. हा आकडा बहुतेक कंपन्यांत साधारण सारखाच चालतो, फार तर थोडं उन्नीस-बीस होतं. इथे 4 लावत असाल तर तिथेही 4 घ्या. दोन आकड्यांच्या मध्ये अडलात तर फिका घ्या. गडद करणं कधीही जमतं, पण रंगवलेल्या केसांवर फिका रंग लावून ते उजळत नाहीत. डब्यावरच्या फोटोकडे मात्र बघू नका, तो गोऱ्या बाईच्या केसांवरचा असतो.

खरी गोची होते ती बरगंडी, महोगनी लावणाऱ्यांची. समजा, तुम्ही 3.16 बरगंडी लावता आणि निम्मे केस पांढरे आहेत. ज्या कंपनीच्या पद्धतीत हा नंबर आहे, तिथे टिंबानंतरचा 1 म्हणजे निळसर राख आणि 6 म्हणजे लाल. दोन्ही मिळून वाइनसारखी झाक येते. पण टिंबानंतरचे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले. लॉरिअलमध्ये 6 म्हणजे लाल, वेल्लाच्या कोलेस्टनमध्ये 6 म्हणजे जांभळा, आणि श्वार्झकोफच्या इगोरात तोच 6 चॉकलेटी. नंबर जुळवून डबा उचललात तर हवा होता बरगंडी आणि आलं चॉकलेट, असं होऊ शकतं. ओळखीचा ब्रँड तिथे दिसला तरी त्याच्या छटांची यादी इथल्यासारखीच असेल असं धरून चालू नका.

इथे ट्यूब सरस ठरते, कारण झाक आणि गडदपणा दोन्ही तुमच्या हातात राहतात. कोलेस्टनमध्ये टिंबाऐवजी तिरकी रेघ असते, ते घेतलंत तर रेघेनंतर 65 असलेली छटा शोधा: 6 जांभळा, 5 महोगनी. नुसती तीच पांढऱ्या केसांवर लावली तर मुळं भडक जांभळी दिसतात, म्हणून तिच्यात त्याच गडदपणाची साधी, शून्यवाली छटा निम्मी मिसळा. म्हणजे 65 वाली 4 च्या गडदपणाची असेल तर 30 ग्रॅम 4/0, 30 ग्रॅम 65 वाली, आणि 60 मिली 6 टक्के डेव्हलपर (त्यालाच 20 व्हॉल्यूम म्हणतात). हे प्रमाण कोलेस्टनचं. इगोरातही एकास एकच, पण लॉरिअलच्या माजिरेलमध्ये एकास दीड लागतं, तेव्हा ट्यूबसोबतचा कागद वाचाच. 9 किंवा 12 टक्के घेऊ नका. तो केस उजळवण्यासाठी असतो, आणि तुमचे मुळातले काळे केस त्याने नारिंगी-तांबूस होतील.

हे सगळं जुळवायला हातात नमुना हवा. निघण्याआधी इथे रंग लावलात की आठवडाभराने मानेजवळची, पांढरे केस असलेली बारीक बट कापून प्लास्टिकच्या पुडीत ठेवा आणि डब्यावरचा नंबर व घटकांची यादी तिच्यासोबत घाला. लगेच कापलेली बट जास्त गडद दिसते, म्हणून आठवड्याचं अंतर. तिथे गेल्यावर नवं मिश्रण आधी न रंगवलेल्या पांढऱ्या केसांच्या बटेवर लावा, धुऊन पूर्ण वाळवा आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात जुन्या बटेशेजारी धरा. ओले केस आणि ट्यूबलाइट दोन्ही फसवतात.

राहिला इथून नेण्याचा पर्याय. पावडरची दोन-चार पाकिटं पहिल्या महिन्यांची सोय म्हणून ठीक. वर्षाचा साठा नको, मुदत संपते आणि दमट कपाटात पावडर खराब होते. आणि हो, काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींत मेंदीबरोबर पीपीडी नावाचं रसायन असतं, म्हणजे तीही रासायनिक डायच. नवा डबा घ्या, ट्यूब घ्या किंवा पावडर, लावण्याच्या 48 तास आधी कानामागे थोडी लावून बघायला लागतेच. इथे वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून ही चाचणी टाळू नका: युरोपातल्या बऱ्याच डब्यांत पीपीडीऐवजी त्याच्याच जातकुळीतलं टोल्यूइन-2,5-डायअमाईन असतं, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. खाज किंवा पुरळ आलं, तर छटा कितीही जुळत असली तरी तो रंग तुमच्यासाठी नाही.