५५५चा ब्लिंकर जोडायचाय: सर्किट डायग्राम घ्यायचा की ब्रेडबोर्डचं चित्र?

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतली लाइटिंग बघून आलं की आमच्या भाच्याला एलईडी लुकलुकवायची असते, आणि यंदा त्यानं विचारलं, "मामा, नेटवर एकीकडं नुसत्या रेघांचं सर्किट आहे आणि दुसरीकडं वायरीसकट रंगीत चित्र, कुठलं घेऊ?" पार्ट दोन्हीकडं सारखेच होते: ९ व्होल्टची बॅटरी, ५५५ आयसी, १० के, ६८ के आणि ४७० ओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरड आणि १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, एक लाल एलईडी.

चित्राचा फायदा खराच आहे. आयसी कुठल्या भोकात, खाच कुठल्या बाजूला, वायर कुठून कुठं, सगळं दिसतं, डोकं लावावं लागत नाही. सर्किटमध्ये ५५५ म्हणजे नुसता चौकोन, आणि त्यात ८ नंबर वर, १ खाली, ७, ६, २ डावीकडं, ३ उजवीकडं, असे पाय सोयीप्रमाणं काढलेले. नवीन माणूस आयसीवर तेच शोधत बसतो. खऱ्या आयसीवर खाच डावीकडं धरली की खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४, आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडं ५ ते ८. एवढं लक्षात ठेवलं की चौकोनातला नंबर बघायचा, जागा बघायची नाही.

पण चित्र अडतं ते आपले पार्ट चित्रातल्यासारखे नसले की. त्याच्या चित्रात ६८ केचा रेझिस्टर निळा-करडा-नारिंगी होता, आणि नव्या पेठेतून आणलेला निघाला पाच पट्ट्यांचा, निळा-करडा-काळा-लाल-तपकिरी. किंमत तीच, पण चित्राशी रंग जुळवणारा पोरगा म्हणतो दुकानदारानं चुकीचा दिला! सर्किटवर सरळ 68k लिहिलेलं असतं, मग पट्ट्या किती का असेनात, मीटरवर मोजून घेता येतं.

कपॅसिटरचं तर जास्तच. तो पहिल्यांदा चित्र बघूनच जोडून बसला आणि एलईडी लागली ती लागलीच, लुकलुकेना. आयसी गेला म्हणून काढायला निघाला होता. मी बघितलं तर टायमिंगच्या जागी 103 छापलेला छोटा चपटा कपॅसिटर, आणि ५ नंबरच्या पायावर डब्बीवाला १० मायक्रो, म्हणजे दोघांची अदलाबदल झालेली. 103 म्हणजे १० च्या पुढं तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये, म्हणजे १० नॅनो. आता हिशोब बघा:

```
T = 0.693 × (R1 + 2 × R2) × C
```

१० के, ६८ के आणि १० मायक्रो धरून साधारण १ सेकंद येतो. १० नॅनो हजारपट लहान, म्हणून एलईडी सेकंदाला हजारेक वेळा उघडझाप करत होती आणि डोळ्याला सतत पेटलेली दिसत होती. चित्रात दोघं दोन ठिपक्यांसारखे दिसतात, सर्किटमध्ये मात्र डब्बीवाल्याच्या चिन्हाला प्लस असतो (डब्बीवर मात्र पट्टा मायनसच्या बाजूला असतो हं, इथं हमखास उलटं लागतं) आणि दुसऱ्याला नसतो.

जोडांचंही तसंच. चित्रात २ आणि ६ नंबरला जोडणारी छोटी वायर कपॅसिटरच्या मागं झाकली गेली होती, सर्किटमध्ये त्या रेघेवर ठळक ठिपका होता. ठिपका म्हणजे जोड. रेघा नुसत्याच एकमेकींवरून गेल्या आणि ठिपका नाही तर जोड नाही. आणि ग्राउंडचं चिन्ह पाच जागी दिसलं तरी ती एकच वायर, सगळी बॅटरीच्या मायनसला. काही ब्रेडबोर्डची लाल-निळी पट्टी मध्येच तुटलेली असते, चित्र काढणाऱ्याची सलग असेल तर तुमचं अर्धं सर्किट उपाशी राहतं.

तर माझं मत असं, पार्ट आणि बोर्ड अगदी चित्रातलेच असतील, किटमधून आलेले, आणि एका संध्याकाळीच करायचं असेल तर चित्र घ्या, चालतंय की. सुटे पार्ट दुकानातून आणले असतील किंवा पुढं लुकलुकण्याचा वेग बदलायचा असेल तर सर्किटच घ्या. चित्र घ्यायचं ते फक्त आयसी कसा बसवायचा ते बघायला.

भाच्याला मी सर्किटवरून कागदावर जोड लिहायला लावले, सात निघाले: ८, ४, १० केचं एक टोक आणि बॅटरीचा प्लस हा पहिला, ७ नंबर आणि दोन्ही मोठे रेझिस्टर हा दुसरा, २, ६, ६८ के आणि १० मायक्रोचा प्लस हा तिसरा, असे पुढं. प्रत्येक जोड लावला की टिक करायची, आणि बॅटरी जोडायच्या आधी मीटर बीपवर ठेवून २ आणि ६ वाजतात का बघायचं. वाजले, मग बॅटरी लावली, आणि एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकायला लागली.