सुपारीच्या विरीच्या पत्रावळी: पायाचं यंत्र घ्यावं की हायड्रॉलिक?

यंत्र निवडताना बहुतेक जण ताशी उत्पादन विचारतात. त्याआधी विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद आवरणं, मोजाव्यात.

दोन साच्यांच्या पायाच्या यंत्रावर भरणं, दाबणं आणि काढणं मिळून एका फेरीला साधारण दीड मिनिट लागतं. म्हणजे तासाला ८० ताटं आणि सहा तास सलग काम झालं तर ४८०. चार साच्यांच्या हायड्रॉलिकवर तेवढ्याच वेळात ९६०. वर्षाचे २५० दिवस धरले तर पायाच्या यंत्राला १ लाख २० हजार आणि हायड्रॉलिकला २ लाख ४० हजार विऱ्या लागतील, कारण बारा इंची ताट एका विरीत एकच बसतं. उरलेल्या तुकड्यात फार तर एखादी वाटी निघते.

पोफळ वर्षाला सहा-सात झावळ्या टाकते. पावसाळ्यातल्या विऱ्या बुरशीने काळ्या पडतात, म्हणून झाडामागे कामाच्या चारच धरा. पायाच्या यंत्राला ३० हजार झाडं झाली, हायड्रॉलिकला ६० हजार. नेहमीच्या लागवडीत हेक्टरी तेराशे-चौदाशे झाडं असतात. म्हणजे अनुक्रमे सुमारे २२ आणि ४४ हेक्टर बाग. तेवढ्या बागा गोळा करता येण्याजोग्या अंतरात नसतील, तर मोठं यंत्र निम्मा वेळ बंदच राहील. शिवाय पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यातच करावा लागतो. विऱ्या कडकडीत वाळवून, जमिनीपासून उंच, हवेशीर ठेवायच्या. या जागेचा हिशोब यंत्राच्या जागेत धरायला लोक विसरतात.

पायाच्या यंत्रालाही वीज लागते, कारण साचे हीटरनेच तापतात. वाचते ती फक्त मोटर. दाब मात्र माणसाच्या पायावर अवलंबून. संध्याकाळकडे ताटांचे काठ सैल येऊ लागले, तर तापमान वाढवू नका, माणूस बदला. हायड्रॉलिकचा दाब एकसारखा असतो, पण सगळे साचे एकाच पाट्याने दाबले जात असतील तर जाड विरी दाब स्वतःवर घेते आणि शेजारच्या पातळ विरीचं ताट उमटत नाही. त्यामुळे भरण्याआधी जाडीप्रमाणे विऱ्या निवडणारं एक माणूस वेगळं लागतं. सिलिंडरच्या सीलमधून तेल झिरपतंय का, हे रोज पाहावं. तेलाचा डाग पडलेलं ताट विकता येत नाही.

भिजवण्याची चूक दोन्हीकडे सारखीच महागात पडते. कमी भिजलेली विरी काठाच्या वळणावर तडकते. जास्त ओली असली तर साच्यात वाफ कोंडून फोड येतात, आणि बाहेर काढल्यावर ताट हळूहळू वाकतं. धुऊन, भिजवून, उभी निथळलेली विरी हाताने दुमडली तर न तुटता वळावी, पण दाबल्यावर पाणी सुटू नये.

बागा हाताशी आणि गिऱ्हाईक बांधलेलं असेल तरच हायड्रॉलिक घ्या. नाहीतर आधी पायाचं एक यंत्र लावून एक पावसाळा साठ्यावर काढून बघा. अमेरिकेला माल पाठवायच्या बेतात असाल तर थांबा: तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये सुपारीच्या विरीच्या ताटांना हरकत घेतली आहे.