एकच कपाट, चार फोटो: कपडे कसे लावले तर सापडतात आणि जागा कुठे फुकट जाते

माझी मावसबहीण घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होतेय आणि तिचा कार्पेंटर मागे लागलाय की ताई, वॉर्डरोबच्या आत रॉड किती, कप्पे किती ते सांगा. तिने मला विचारलं, तुझं कपाट कसंय, फोटो पाठव. मग म्हटलं एकच फोटो कशाला, ऐरोलीतल्या आमच्या बेडरूमचं हेच कपाट चार प्रकारे लावून बघते आणि चारी फोटो शेजारी शेजारी ठेवते. महिनाभर लागला, पण जे कळलं ते नुसतं बघून कळलं नसतं, म्हणून सगळं लिहितेय.

आधी कपाट सांगते. ४ फूट रुंद, दोन दारांचं, प्लायचं. आतून दोन भाग, प्रत्येक साधारण २३ इंच रुंद, २२ इंच खोल आणि ८० इंच उंच. डावीकडे वर एक कप्पा, मग रॉड, खाली एक ड्रॉवर. उजवीकडे नुसते कप्पे, पण ते छोट्या पिनांवर टेकवलेत त्यामुळे काढता आणि सरकवता येतात, आणि हे किती कामाचं आहे ते पुढे येईलच. कपडे मी मोजले, आम्हा दोघांचे मिळून ११२: कुर्ते २४, लेगिंग आणि पँट १४, ओढण्या १०, टी-शर्ट १८, ह्यांचे शर्ट १६, जीन्स ९, साड्या १३, घरातले नाइट ड्रेस ८. आतले कपडे ड्रॉवरमध्ये, ते मोजले नाहीत.

फोटो काढायची पद्धत नीट ठरवली नाही तर तुलना फसते. पहिल्यांदा मी कपाटासमोर तीन फुटांवर उभी राहून मोबाईल ०.५ वर टाकून काढला, तर कडेचे कप्पे ताणल्यासारखे रुंद दिसले, तिथे जागा आहे असं वाटलं आणि प्रत्यक्षात नव्हती. मग पलंगाच्या पलीकडे भिंतीला टेकून, साध्या लेन्सने, डोळ्यांच्या उंचीवरून काढला आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली म्हणजे चारी वेळा तिथेच उभं राहायचं. फ्लॅश बंद, कारण फ्लॅशने पुढचं चमकतं आणि मागचं काळं पडतं. ट्यूबलाइट चालू, वेळ सकाळी अकराची. आणि प्रत्येक पद्धतीचे दोन फोटो, एक लावलं त्या दिवशी आणि दुसरा आठ दिवसांनी मध्ये काहीही न आवरता. दुसरा फोटोच खरा महत्त्वाचा.

फोटोत बघायचं काय तर दोनच गोष्टी. एक, फोटो झूम करून किती कपडे "हा अमुक" म्हणून ओळखता येतात ते मोजायचं, कारण जो कपडा डोळ्यांनी दिसत नाही तो घाईत हातालाही लागत नाही. दोन, मोबाईलमध्येच रिकाम्या जागांभोवती बोटाने लाल चौकोन काढायचे. शिवाय पाच ठरावीक कपडे ह्यांना शोधायला लावले आणि मुलीने स्टॉपवॉच धरलं. मी शोधले नाहीत, कारण मीच लावलेलं असल्यामुळे मला माहीत असतं कुठे काय आहे.

पहिला फोटो, थप्प्या. आपल्या सगळ्यांच्या घरी असतात त्याच, घड्या घालून एकावर एक. दिसायला हा फोटो खूप छान आला, बहिणीने पाहिल्या पाहिल्या हाच निवडला असता. पण मोजल्यावर ११२ पैकी फक्त ५८ ओळखता आले. कारण कप्पा २२ इंच खोल आणि घडी १०-११ इंचांची, म्हणजे पुढे दोन थप्प्या आणि त्यांच्या मागे अजून दोन, आणि मागच्या दोन फोटोत नाहीतच. वरून प्रत्येक थप्पीच्या डोक्यावर चार-पाच इंच हवा, कारण त्याच्यापेक्षा उंच थप्पी केली की ढासळते, आठ-दहा कपड्यांच्या पुढे जातच नाही. खालचा टी-शर्ट ओढला की वरचे चार विस्कटतात, मग आपण वरवरचेच घालत राहतो. आठ दिवसांनी ओळखता येणारे उरले ३९. शोधायला ह्यांना २ मिनिटं ४० सेकंद लागले, त्यातला बहुतेक वेळ एकाच पांढऱ्या लेगिंगमध्ये गेला.

दुसरा, सगळं हँगरला. उजवीकडचे कप्पे काढून दोन टेन्शन रॉड लावले, वर एक खाली एक. जाड प्लास्टिकचे हँगर घेतले तर २३ इंचांच्या रॉडवर १७-१८ कपडे बसतात, पातळ मखमली हँगरवर २८, म्हणून पातळच घेतले. तीन रॉडवर ८४, वरच्या कप्प्यात ९ साड्या, झाले ९३. उरलेले १९ कपडे बेडच्या बॉक्समध्ये गेले, म्हणजे ह्या पद्धतीत कपाट भरून जातं पण सगळे कपडे मावत नाहीत. फोटोत ओळखता आले ७०, कारण हँगरवरचा कपडा कडेने दिसतो आणि काळा, नेव्ही ब्लू, गडद मरून एकमेकांत मिसळून जातात. गडद कपड्यांच्या मध्ये एकेक फिका टाकला की बरं दिसतं, हे फोटो बघूनच सुचलं. लाल चौकोन इथे सगळ्यात मोठा होता, कुर्ता हँगरसकट ४६ इंच आणि रॉडपासून ड्रॉवरपर्यंत ६२, म्हणजे खाली १६ इंच मोकळं. पण आठ दिवसांनी ६८ ओळखता येत होते, जवळजवळ जसंच्या तसं, कारण एक काढला की बाकीचे हलत नाहीत. ह्यांना १ मिनिट १० सेकंद. फक्त विणलेले टी-शर्ट आणि स्वेटर लटकवू नका, खांद्याला टोकं येतात.

तिसऱ्यावर मी जास्त वेळ घालवला. उभ्या घड्या, म्हणजे कपडा छोटा घडी घालून फाइलसारखा उभा ठेवायचा. सगळीकडे हे ड्रॉवरमध्ये दाखवतात आणि ड्रॉवरमध्ये ते भारीच आहे कारण आपण वरून बघतो. मी कप्प्यात लांबट खोके घेतले, २० इंच लांब, आणि त्यात पुढून मागे एकामागे एक उभे लावले, अगदी ड्रॉवरसारखे. फोटो काढला आणि मोजलं तर ३१! थप्प्यांपेक्षाही कमी. समोरून प्रत्येक खोक्यात फक्त पहिला कपडा दिसत होता, बाकीचे त्याच्या मागे रांगेत. मग तेच कपडे नव्वद अंशात वळवले, म्हणजे डावीकडून उजवीकडे, शेल्फवर पुस्तकं लावतो तसे, प्रत्येकाची कड आपल्याकडे. पुन्हा त्याच खुणेवरून फोटो, आणि ओळखता आले ७४. कपडे तेच, कप्पा तोच, फक्त रांगेची दिशा बदलली. माझ्यासाठी सगळ्या महिन्यातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट.

पण त्यातही दोन त्रास आहेत. डोळ्यांच्या वरच्या कप्प्यात खोक्याची पुढची भिंतच दिसते, कपडे नाहीत, मी ५ फूट १ इंच आहे म्हणून मला तर काहीच नाही. आणि मधला एक काढला की शेजारचे आडवे पडतात, म्हणून आठ दिवसांनी ७४ चे ५२ झाले. पुढे फक्त तीन इंचांची कड असलेली, रुंद, उघडी टोपली घेतली की पडणं बरंच कमी होतं. कुर्ते आणि शर्ट असे ठेवले तर चुरगळतात, सकाळी इस्त्री लागते, ते मला नाही परवडत. शोधायचा वेळ १ मिनिट ३० सेकंद.

चौथा फोटो म्हणजे वरच्या तिघांचं जे टिकलं ते. डाव्या रॉडवर २४ कुर्ते, एका रिंगवाल्या हँगरवर ओढण्या, खालच्या १६ इंचांत एक टोपली, त्यात घरातले नाइट ड्रेस. उजवीकडे पिना सरकवून वर १० इंचांचा कप्पा, मग ४० इंचांत शर्टचा रॉड, आणि खाली १०-१० इंचांचे तीन कप्पे. हे तिन्ही कमरेच्या खाली येतात म्हणून उभ्या घड्या वरून पण दिसतात: एकात टी-शर्ट, एकात लेगिंग, एकात जीन्स. मागची रांग मुद्दाम रोजच्या कपड्यांची केली नाही, तिथे स्वेटर आणि प्रवासाची बॅग. साड्या वरच्या दोन कप्प्यांत आडव्या, एका थप्पीत चारपेक्षा जास्त नाहीत, जरीच्या मलमलच्या फडक्यात, घडी अधूनमधून बदलायची नाहीतर घडीवर जर तुटते. ११२ पैकी ९७ ओळखता आले, आठ दिवसांनी ९०, आणि ह्यांनी पाचही कपडे ५० सेकंदांत काढले. लाल चौकोन फार काढावेच लागले नाहीत.

एक गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नाही ती म्हणजे पाठ. आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला आहे आणि जुलैमध्ये भिंत ओल धरते, तिसऱ्या पद्धतीत कपडे मागे टेकवून ठासून भरले होते तर दोन जीन्सना कुबट वास आला. चौथ्यात मागे दोन बोटं जागा सोडली. तुम्ही पण कपाट भिंतीपासून थोडं पुढे घ्या.

आता ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी. रोज ऑफिसला शर्ट-कुर्ते लागतात त्यांनी रॉडला जागा द्या, दुसरी पद्धत थोडी महाग पण टिकते. जास्त टी-शर्ट आणि ट्रॅक पँट असलेली कॉलेजची मुलं असतील तर तिसरी, पण फक्त कमरेखालच्या कप्प्यात आणि रांग आडवी. थप्प्या फक्त साड्या, चादरी आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या कपड्यांना. मी चौथी ठेवली आणि आता ह्यांनी मला "माझा निळा शर्ट कुठाय" विचारणं बंद केलंय.

बहिणीला कार्पेंटरसाठी जे सांगितलं ते हे: कप्पे फिक्स करून घेऊ नको, बाजूच्या प्लायला भोकांची रांग पाडून पिनांवर ठेवायला सांग, म्हणजे पुढे बदलता येतील. तुझा सगळ्यात लांब कुर्ता हँगरला लाव, हुकापासून खालपर्यंत मोज, त्यात दोन इंच मिळव आणि मग रॉडची उंची सांग. आणि ती स्लायडिंग दार करतेय, तर एका वेळी अर्धंच कपाट उघडं दिसणार, म्हणून तिला म्हटलं रोजचे कपडे सगळे एकाच बाजूला ठेव. काल ती टेप घेऊन मोजायला बसली, तिचा लांब अनारकली ५४ इंच निघाला, म्हणजे रॉडखाली ५६ इंच तरी सोडावे लागणार.